जर्मनमधील मान, येमांट, नीमांट, एटवास आणि निश्ट्स : रूपे आणि वापर

प्रश्न : मी जर्मनच्या बी १ पातळीची तयारी करत आहे. ‘येमांट’चे कधी ‘येमांडन’ होते, कधी ‘येमांडेम’ होते आणि कधी ते तसेच राहते, हे कशावरून ठरवायचे? ‘मान’ची इतर रूपे कोणती? ‘नीमांट’ आणि ‘निश्ट्स’बरोबर ‘निश्ट’ का चालत नाही? आणि ‘एटवास नॉयेस’चे मध्येच ‘एटवास नॉयेम’ का होते?

उत्तर : उत्तरात जर्मन शब्द उच्चाराला जवळच्या देवनागरी रूपात दिले आहेत. जिथे लेखनाने फरक पडतो तिथे तो वेगळा सांगितला आहे. ‘येमांट’ आणि ‘नीमांट’ या दोन्ही शब्दांच्या अखेरीस लिहिताना ‘डी’ हे अक्षर असते, पण शब्दाच्या शेवटी त्याचा उच्चार ‘ट’ होतो. प्रत्यय लागला की तो ‘ड’ पुन्हा ऐकू येतो, म्हणूनच ‘येमांडन’ आणि ‘येमांडेम’.

विभक्तीचा निर्णय करण्यासाठी माझा भरवसा एका साध्या कसोटीवर आहे. ‘कोण’ या अर्थाच्या जर्मन प्रश्नार्थक सर्वनामाची रूपे तुम्हाला पाठ असतीलच : कर्त्यासाठी ‘वेर’, आकुझाटिफमध्ये ‘वेन’, डाटिफमध्ये ‘वेम’. वाक्यातील क्रियापद किंवा शब्दयोगी अव्यय ‘वेन’ मागत असेल तर ‘येमांडन’ आणि ‘नीमांडन’ वापरावे, ‘वेम’ मागत असेल तर ‘येमांडेम’ आणि ‘नीमांडेम’ वापरावे, आणि ‘वेर’ असेल तर काहीही न जोडता मूळ रूप ठेवावे. शेवटचा ‘न’ आणि शेवटचा ‘म’ दोन्हीकडे जुळतात, त्यामुळे चूक झाली तर ती लगेच कानाला खटकते.

मराठी भाषकाची खरी अडचण ही रूपे लक्षात ठेवण्याची नसते. आपला ‘ला’ हा प्रत्यय जर्मनमधील तीन वेगवेगळ्या विभक्तींची कामे एकटाच करतो, आणि अडचण तिथून सुरू होते. ‘मी कोणालातरी पाहिले’ आणि ‘मी कोणालातरी मदत केली’ ही दोन वाक्ये घ्या. दोन्हींत ‘कोणालातरी’ हेच रूप आहे. जर्मनमध्ये मात्र पहिले वाक्य ‘इश हाबे येमांडन गेझेएन’ असे होते आणि दुसरे ‘इश हाबे येमांडेम गेहोल्फन’ असे होते, कारण ‘पाहणे’ हे क्रियापद आकुझाटिफ घेते आणि ‘हेल्फन’ म्हणजे मदत करणे हे डाटिफ घेते. ‘डांकन’ (आभार मानणे), ‘आंटवोर्टन’ (उत्तर देणे) आणि ‘ग्लाउबन’ (एखाद्यावर विश्वास ठेवणे) ही नेहमी लागणारी क्रियापदेही व्यक्तीसाठी डाटिफच घेतात. उलट ‘फ्रागन’ म्हणजे विचारणे आणि ‘आनरूफन’ म्हणजे फोन करणे ही दोन क्रियापदे आकुझाटिफ घेतात. मराठीत आपण ‘कोणाला तरी फोन करतो’, आणि ते ‘एखाद्याला काही देण्या’सारखे भासते. त्यामुळे ‘इश मुस येमांडेम आनरूफन’ हे चुकीचे वाक्य चांगल्या विद्यार्थ्यांच्या वहीतही वर्षानुवर्षे दिसत आले आहे. योग्य वाक्य ‘इश मुस येमांडन आनरूफन’ असे आहे.

‘ला’चे तिसरे काम सर्वांत फसवे आहे, कारण तिथे जर्मनमध्ये कोणताही प्रत्यय लागत नाही. ‘कोणाला चहा हवा आहे का?’ या वाक्याचे जर्मन ‘म्योश्टे येमांट टे?’ असे होते, आणि ‘कोणालाच माहीत नाही’ याचे ‘नीमांट वाइस एस’ असे होते. मराठीत हवे असणे, माहीत असणे, आवडणे, समजणे अशा अनुभवांच्या वेळी अनुभव घेणारी व्यक्ती ‘ला’ घेऊन येते. जर्मनमध्ये यांपैकी बहुतेक ठिकाणी ती सरळ कर्ता असते. ‘आवडणे’ हा अपवाद लक्षात ठेवावा : ‘गेफालन’ हे क्रियापद मराठीसारखेच चालते, म्हणून ‘हे कोणालाच आवडत नाही’ हे वाक्य ‘डास गेफेल्ट नीमांडेम’ असे होते. मराठी वाक्य डोक्यात असताना ‘ला’कडे पाहून विभक्ती ठरवू नये. जर्मन क्रियापद आधी निवडावे आणि त्याला ‘वेर, वेन की वेम’ असा प्रश्न विचारावा. शब्दयोगी अव्ययांचे काम त्या मानाने सोपे आहे : ‘मिट’ नेहमी डाटिफ घेते, म्हणून ‘मिट येमांडेम’, आणि ‘फ्यूर’ नेहमी आकुझाटिफ घेते, म्हणून ‘फ्यूर येमांडन’. ‘कोणाची तरी वाट पाहणे’ यासाठी ‘आउफ येमांडन वार्टन’ म्हणतात, आणि तिथे मराठीतील ‘ची’ पाहून गेनिटिफकडे वळण्याचे कारण नाही.

‘तसेच कधी राहते’ या तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे की बोलण्यात आणि अनौपचारिक लेखनातही प्रत्यय न लावलेले रूप दोन्ही विभक्तींत आढळते आणि कोशव्याकरणे ते मान्य करतात. ‘इश हाबे नीमांट गेझेएन’ असे जर्मन माणूस सहज म्हणतो. परीक्षेत आणि पत्रात मात्र प्रत्ययासह लिहावे, असा माझा आग्रह आहे. त्यामागे नुसती शिस्त नाही, अर्थाचाही प्रश्न आहे. ‘डी फ्राउ हाट नीमांट गेझेएन’ या वाक्यात ‘डी फ्राउ’ (ती बाई) कर्त्याच्या आणि कर्माच्या जागी सारखीच दिसते, त्यामुळे ‘त्या बाईने कोणालाच पाहिले नाही’ आणि ‘त्या बाईला कोणीच पाहिले नाही’ असे दोन्ही अर्थ निघतात. ‘नीमांडन’ लिहिले की पहिलाच अर्थ उरतो. जिथे प्रत्यय गाळणे अगदी रूढ आहे अशी एक जागा म्हणजे ‘येमांट आंडर्स’, अर्थात ‘दुसरे कोणीतरी’. ‘मिट येमांट आंडर्स’ हे लिखित जर्मनमध्येही स्वाभाविक आहे. दक्षिणेकडे आणि ऑस्ट्रियात ‘येमांट आंडरर’ हेही ऐकू येते.

गेनिटिफची ‘येमांडेस’ आणि ‘नीमांडेस’ ही रूपे आहेत, पण ती ग्रांथिक वाटतात. ‘कोणाची तरी मदत’ यासाठी ‘डी हिल्फे फोन येमांडेम’ असे लिहिलेले पुरते. आणखी एक गोष्ट : ही सर्वनामे व्याकरणाच्या दृष्टीने पुल्लिंगी एकवचनी आहेत, त्यामुळे पुढे येणारे संबंधी सर्वनामही ‘डेर’ असते. ‘मराठी बोलणारे कोणीतरी’ म्हणजे ‘येमांट, डेर मराठी श्प्रिश्ट’, मग ती व्यक्ती स्त्री असली तरीही.

आता ‘मान’. पुस्तकात त्याची रूपे सापडत नाहीत, कारण ‘मान’ला स्वतःची इतर रूपे नाहीतच. तो शब्द फक्त कर्ता म्हणून येतो आणि त्याचे क्रियापद नेहमी तृतीय पुरुषी एकवचनी असते. कर्माच्या जागी तोच अर्थ हवा असेल तर ‘आयन’ या सर्वनामाची रूपे उसनी घ्यावी लागतात : आकुझाटिफमध्ये ‘आयनन’, डाटिफमध्ये ‘आयनेम’. ‘गोंगाटाने माणूस थकून जातो’ हे ‘डेर लेर्म माख्ट आयनन म्यूडे’ असे होते, आणि ‘आपण शहरात नवे असलो की शेजारी आपल्याला मदत करतो’ हे ‘वेन मान नॉय इन डेर श्टाट इस्ट, हिल्फ्ट आयनेम डेर नाखबार’ असे होते. या दुसऱ्या वाक्यात पहिल्या भागातील ‘मान’ आणि दुसऱ्या भागातील ‘आयनेम’ ही एकच अनाम व्यक्ती आहे. जर्मन वाचक ते क्षणभरही न थबकता तसे वाचतो. गेनिटिफ या सर्वनामाला नाही. मालकी दाखवायची तर ‘झायन’ वापरतात, जसे ‘मान मुस झायनन पास मिटब्रिंगन’, म्हणजे पासपोर्ट सोबत आणावा लागतो. स्वतःवाचक रूप ‘झिश’ असते.

‘मान’ एकदा आला की पुढे त्याच्या जागी ‘एर’ येत नाही, आणि इथे चूक झाली तर वाक्याचा अर्थच बदलतो. ‘वेन मान क्रांक इस्ट, झोल एर श्लाफन’ असे लिहिले तर वाचक ‘एर’ म्हणजे कोणी वेगळाच पुरुष समजतो आणि तो मजकुरात मागे कुठे आला होता हे शोधू लागतो. तिथे ‘झोल मान श्लाफन’ असे ‘मान’च पुन्हा लिहावे लागते. ‘येमांट’चे तसे नाही. ‘वेन येमांट आनरूफ्ट, झाग ईम, डास इश श्पेटर कोमे’ या वाक्यात ‘ईम’ (त्याला) हे ‘येमांट’कडे बिनचूक निर्देश करते. कारण असे की ‘येमांट’ने एक, अनोळखी असली तरी विशिष्ट, व्यक्ती समोर उभी राहते, तर ‘मान’ने कोणीही एक व्यक्ती उभी राहत नाही. लेखनातही सावध असावे : हा ‘मान’ लहान अक्षराने आणि एकाच ‘एन’ने लिहितात. मोठ्या अक्षराचा, दोन ‘एन’चा शब्द म्हणजे पुरुष. उच्चार दोन्हींचा सारखाच असल्याने ऐकून लिहिताना हा गोंधळ हमखास होतो.

‘मान’ कुठे वापरायचा हे मराठी भाषकाला उपजत कळू शकते, पण त्यासाठी मराठीतील योग्य जागा ओळखाव्या लागतात. ‘असे म्हणतात’ या कर्ता नसलेल्या अनेकवचनासाठी ‘मान झाग्ट’, ‘याला जर्मनमध्ये काय म्हणतात?’ यासाठी ‘वी झाग्ट मान डास आउफ डॉइच?’, ‘इथे गाडी लावू नये’ यासाठी ‘हीर डार्फ मान निश्ट पार्कन’. ‘आपण’ या शब्दाकडे मात्र नीट पाहावे. ‘इथे आपण गाडी लावू शकतो का?’ असे विचारताना आपल्या मनात आपण दोघे नसतो, तिथे गाडी लावायला परवानगी आहे का, हे विचारायचे असते. त्याचे जर्मन ‘कान मान हीर पार्कन?’ असे आहे. ‘वीर’, म्हणजे ‘आम्ही किंवा आपण’, वापरून केलेले वाक्य व्याकरणाने बरोबर असले तरी प्रश्न बदललेला असतो. जुन्या पाककृतींत ‘मान नेमे’ अशी सुरुवात आढळते. ती ‘घ्यावे’ या विध्यर्थासारखी असून क्रियापदाचे ते कोन्युंक्टिफ रूप आहे. नव्या पाककृती साध्या धातुरूपाने लिहिल्या जातात, त्यामुळे ती शैली ओळखता आली तरी पुरे.

‘एटवास’ आणि ‘निश्ट्स’ यांना विभक्तीची रूपेच नाहीत. ‘मिट एटवास’, ‘फोन निश्ट्स’, ‘फ्यूर निश्ट्स’ : शब्द जसाच्या तसा राहतो. पण त्यांच्यामागे विशेषण आले की विभक्ती त्या विशेषणावर उतरते, आणि तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे मूळ इथेच आहे. ‘काहीतरी नवे’ हे कर्ता किंवा आकुझाटिफ कर्म असेल तर ‘एटवास नॉयेस’, आणि डाटिफ असेल तर ‘एटवास नॉयेम’ : ‘इश हाबे एटवास नॉयेस गेलेर्न्ट’ (मी काहीतरी नवे शिकलो), पण ‘इश बेगिने मिट एटवास नॉयेम’ (मी कोणत्यातरी नव्या गोष्टीने सुरुवात करतो). इथे ‘मिट’ डाटिफ मागते, ‘एटवास’ स्वतः ते दाखवू शकत नाही, म्हणून ‘नॉयेम’ दाखवते. ‘निश्ट्स’चेही तसेच : ‘निश्ट्स बेझोंडरेस’, पण ‘मिट निश्ट्स बेझोंडरेम’.

हा ‘एस’ प्रत्यय कुठून आला हे माहीत असले की नियम पाठ करावा लागत नाही. मध्ययुगीन जर्मनमध्ये ‘एटवास’नंतर गेनिटिफ येत असे, म्हणजे ‘नव्यापैकी काही’ अशी रचना होती, आणि ‘नॉयेस’मधील ‘एस’ हा मुळात त्या गेनिटिफचा प्रत्यय आहे. पुढे हा गेनिटिफ भाषकांच्या लक्षातून गेला. नपुंसकलिंगी एकवचनाचा कर्ता आणि कर्म यांचा प्रत्ययही ‘एस’च असल्याने लोक ‘नॉयेस’ला तसे रूप समजू लागले. एकदा तसे समजले की डाटिफमध्ये नपुंसकलिंगी ‘नॉयेम’ येणे ओघाने आलेच. ‘येमांट फ्रेम्डेस’ म्हणजे ‘कोणीतरी परके’ या रचनेतही माणसासाठी नपुंसकलिंगी वाटणारा ‘एस’ दिसतो तो त्याच जुन्या रचनेचा आहे. हे विशेषण नामासारखे वापरलेले असल्याने ते मोठ्या अक्षराने लिहितात. अपवाद एकच लक्षात ठेवण्याजोगा आहे, ‘एटवास आंडरेस’ (दुसरे काहीतरी), जिथे ‘आंडरेस’ सर्वसाधारणपणे लहान अक्षराने लिहिले जाते.

या दोन शब्दांना जोडून येणारे संबंधी सर्वनाम ‘वास’ असते : ‘एटवास, वास मिश फ्रॉइट’ (मला आनंद देणारे काहीतरी), ‘निश्ट्स, वास हिल्फ्ट’ (उपयोगी पडेल असे काही नाही). बोलताना खुद्द ‘एटवास’ही ‘वास’ एवढेच उरते, जसे ‘हास्ट डू वास गेगेसन?’, म्हणजे ‘तू काही खाल्लेस का?’ लेखी उत्तरात पूर्ण शब्द लिहावा. नामाच्या किंवा विशेषणाच्या आधी ‘थोडे’ या अर्थानेही ‘एटवास’ येतो, जसे ‘एटवास झाल्त्स’ (थोडे मीठ), ‘एटवास श्पेटर’ (थोडे उशिरा). ‘कोणीही, काहीही’ असा अनिश्चितपणा वाढवायचा असेल तर ‘इर्गेंट’ जोडून ‘इर्गेंटयेमांट’ आणि ‘इर्गेंटएटवास’ म्हणतात. १९९६ च्या लेखनसुधारणेपासून हे एकाच शब्दात लिहितात. त्याआधीच्या पुस्तकांत ते तोडून लिहिलेले दिसेल.

नकाराचा मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण मराठी भाषकाच्या लेखनात सर्वांत चिवट चूक हीच असते. मराठीत ‘कोणी’ आणि ‘काही’ हे शब्द स्वतः नकारार्थी नाहीत. ‘कोणीच आले नाही’ या वाक्यातला नकार सगळा ‘नाही’मध्ये असतो. जर्मनमधला नकार ‘नीमांट’ आणि ‘निश्ट्स’ यांच्या आतच आहे, म्हणून ‘नीमांट इस्ट गेकोमन’ एवढ्यावर वाक्य पूर्ण होते. त्यात ‘निश्ट’ घातला तर प्रमाण जर्मनमध्ये दोन नकार एकमेकांना खोडतात आणि ‘न आलेले असे कोणी नाही’, म्हणजे सगळे आले, असा उलटा अर्थ होतो. बव्हेरियन बोलीत दुहेरी नकार जिवंत आहे आणि जुन्या जर्मनमध्येही तो होता, तेव्हा तो तिकडे कानावर पडला तर आश्चर्य वाटू देऊ नये. लिहिताना मात्र तो टाळावा. उलट दिशेची चूकही तितकीच घडते. ‘मी काही खाल्ले नाही’ याचे ‘इश हाबे निश्ट गेगेसन’ असे केले की ‘काही’ हरवते आणि ‘माझे जेवण झालेले नाही’ एवढेच उरते. हवे ते वाक्य ‘इश हाबे निश्ट्स गेगेसन’ आहे. मराठीतला ‘काही’ प्रत्येक वेळी सर्वनाम असतो असेही नाही. ‘मी काही मूर्ख नाही’ यातला ‘काही’ नुसता जोर देतो, त्याचे ‘निश्ट्स’ करू नये. ‘इश बिन डॉख निश्ट डुम’ हे तिथे योग्य आहे.

एक छोटा उतारा घेऊन हे सगळे एकत्र पाहू : ‘काल रात्री कोणीतरी दार ठोठावले. मी दार उघडले, पण तिथे कोणीच नव्हते. अशा गोष्टीने माणसाला भीती वाटते. मी शेजाऱ्याला विचारले, पण त्याने काहीच ऐकले नव्हते. मग तो काही न बोलता निघून गेला.’

पहिल्या वाक्यात दार ठोठावणारा कर्ता आहे, म्हणून ‘गेस्टर्न नाख्ट हाट येमांट आन डी ट्यूर गेक्लॉप्फ्ट’. मराठीतला ‘कोणीतरी’ आणि जर्मनचा ‘येमांट’ इथे सरळ जुळतात. दुसऱ्यात ‘इश हाबे आउफगेमाख्ट, आबर दा वार नीमांट’ असे लिहावे. ‘नव्हते’ डोक्यात असल्यामुळे इथे ‘निश्ट’ हातून लिहिला जातो, म्हणून लिहून झाल्यावर तो शोधून काढावा. तिसऱ्या वाक्यात ‘माणसाला’ आहे, आणि जर्मनमध्ये ‘आंग्स्ट माखन’ ही क्रिया व्यक्तीसाठी डाटिफ मागते. म्हणून ‘सो एटवास माख्ट आयनेम आंग्स्ट’. इथे ‘आयनेम’च्या जागी ‘मान’ लिहिलेला मी पुष्कळदा पाहिला आहे. ‘मान’ फक्त कर्ता होऊ शकत असल्याने त्या वाक्यात भीती कोण घालते आणि कोणाला, हेच उलगडत नाही. चौथ्यात शेजारी ‘फ्रागन’चे कर्म आहे, म्हणून आकुझाटिफ, आणि ‘काहीच नाही’चा नकार ‘निश्ट्स’मध्ये मावतो : ‘इश हाबे डेन नाखबार्न गेफ्राग्ट, आबर एर हाटे निश्ट्स गेह्योर्ट’.

पाचव्या वाक्यापाशी जरा थांबावे लागते, कारण ‘काही न बोलता’ पाहून आतापर्यंत शिकलेला हात ‘निश्ट्स’कडे वळतो. पण इथे ‘न बोलता’साठी ‘ओने’ हे अव्यय येते आणि ‘ओने’ म्हणजेच ‘शिवाय’, त्यात नकार आधीच आहे. एका नकाराचा नियम इथेही लागू होतो, म्हणून सर्वनाम होकारार्थी ठेवावे लागते : ‘डान गिंग एर वेक, ओने एटवास त्सू झागन’. त्याच न्यायाने ‘कोणाला न विचारता’ हे ‘ओने येमांडन त्सू फ्रागन’ असे होते, आणि तिथला ‘न’ हा प्रत्यय ‘फ्रागन’ने मागितलेल्या आकुझाटिफचा आहे.